रात्री मुक्काम करू नये

धुळ्याची शाळा सोडून मी जळगावच्या शाळेत रुजू झाले तेव्हा डोक्यात एकच विचार होता. आईला आता शिरपूरजवळच्या गावी एकटीला ठेवायचं नाही. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. मी सहकारी बाईंच्या घरी पाहुणी म्हणून राहत होते आणि ते पाहुणेपण आता शिळं व्हायला लागलं होतं. त्यामुळे दोन खोल्या मिळाल्या तेव्हा मी हरखून गेले. घरमालक आबा आमच्याच भागातले शेतकरी, दिलदार माणूस. अकरा महिन्यांच्या कराराचा मसुदा त्यांनी टाइप करून आणला आणि म्हणाले, "वाच, मंग सही कर."

मी वाचला. म्हणजे भाड्याचा आकडा पाहिला आणि पेन काढलं. मला धीर कधीच नव्हता, आजही नाही. सहकारी बाईंनी पेन हातातून काढून घेतलं आणि मला कोर्टाजवळ राहणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे पाठवलं.

वकीलबाई चाळीसगावच्या. पेन्सिल घेऊन त्या ओळीओळीने वाचत होत्या आणि मी खुर्चीत चुळबुळत होते. अचानक त्या खो खो हसल्या. "अहो, हा तर दुकानाच्या गाळ्याचा करार आहे! टाइप करणाऱ्याने 'गाळा' खोडून 'खोल्या' केलंय, बाकी सगळं जसंच्या तसं." मग त्यांनी वाचून दाखवलं, "जागेत रात्री कोणीही मुक्काम करू नये."

मीही हसले. त्या मात्र थांबल्या. "आई येणार ना तुमची? उद्या कोणी हे कलम दाखवलं तर काय कराल?"

मी म्हटलं, "आबा तसे नाहीत हो."

"आबा नसतीलही तसे. पण कागद आबांच्या स्वभावावर चालत नाही."

मग त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा वाढत गेल्या. अनामत रक्कम 'योग्य ती वजावट करून' परत मिळेल. योग्य कोण ठरवणार? दुरुस्ती 'भाडेकरूने करावी'. भिंतीला रंग की गळकं छप्पर? मालक 'वाटेल तेव्हा' जागा खाली करून घेईल, पण मला जायचं असेल तर महिनाभर आधी कळवायचं. आणि गच्चीचं नावच नाही. जळगावच्या उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला मिळणार नसेल तर खोल्या कशाला घ्यायच्या, असं त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की मला पुन्हा हसू आलं.

"भांडू नका," त्या म्हणाल्या. "फक्त विचारा. आणि जे कबूल होईल ते लिहून घ्या."

फी विचारली तर म्हणाल्या, "आई आली की ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीला बोलवा."

आबांसमोर मसुदा ठेवला तेव्हा त्यांचा चेहराच पडला. "मना शब्द पुरे नही का तुले?"

मी भांडले नाही. पण मुक्कामाचं कलम वाचून दाखवलं, तसे ते कपाळावर हात मारून घेत हसले. बाजारातल्या त्यांच्या गाळ्याचाच तो मसुदा. एक कागद तयार आहे तर दुसरा कशाला, असा साधा हिशोब. "तुनी माय ती मनी बहीण शे," ते म्हणाले. "बठ्ठं लिखी ले." मग सगळंच लिहून घेतलं, अगदी कोणतं नुकसान वजा होईल तेही. मोठी दुरुस्ती मालकाकडे आली, गच्ची आली, आई तिच्या नावानिशी आली. जागा सोडायला किंवा खाली करून घ्यायला दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची लेखी सूचना आली. मगच मी सही केली.

आईने वकीलबाईंना कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि नंतर दर उन्हाळ्यात गच्चीवर आमच्या शेजारी त्यांचीही वळकटी असायची.

करार संपला की तोच मजकूर पुन्हा टाइप व्हायचा. आबा गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने नव्या करारावर सही केली, आणि तीही माझ्या जुन्या पद्धतीने, आकडा पाहून. त्याच वर्षी आईने अंथरूण धरलं. आबांचा मुलगा दारात येऊन म्हणाला, "ताई, हा काय दवाखाना आहे? आठवड्यात जागा मोकळी करा."

माझं डोकं भडकलं होतं, पण वकीलबाईंचं 'भांडू नका' आठवलं. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने आईचं नाव वाचलं, तीन महिने वाचले, खाली स्वतःची सही पाहिली आणि कागद परत देऊन गेला. सूचना मात्र रीतसर पाठवली.

त्या तीन महिन्यांत आईला कुठंही हलवावं लागलं नाही. मुदत संपायच्या आधीच ती गेली, आपल्याच खाटेवर, ओळखीच्या खिडकीसमोर. त्या रात्री वकीलबाई माझ्याजवळ मुक्कामाला होत्या.