क्लेमला मुळं दिसतात

आमच्या शेजारचा क्लेम हॅनिगन नोकरीत असताना ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टुवूंबा गावभर फिरून लोकांच्या घरांचे पाण्याचे मीटर वाचायचा. निवृत्त झाला आणि मुळं वाचायला लागला. आमच्या डोंगरमाथ्यावर कुंड्या लावणाऱ्यांचा फेसबुकवर एक गट आहे. तिथे कुणी पिवळ्या पानाचा फोटो टाकला की खाली क्लेमचं ठरलेलं उत्तर येतं: "पानं कशानंही पिवळी पडतात. रोप कुंडीतून काढा, मुळं दाखवा."

लोक दाखवतातही. क्लेम फोटो बोटांनी मोठा करून असा बघतो, जसा डॉक्टर छातीचा एक्स-रे उजेडात धरतो. स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली काढलेला फोटो तो परत पाठवतो, कारण पिवळ्या उजेडात चांगलं मूळही कुजकं दिसतं. बाहेर सावलीत न्या, शेजारी पांढरी बशी ठेवा, म्हणजे रंग खरा कळेल, असं सांगतो. माती धुऊन आणलेली मुळं दिसली की मात्र चिडतो. "अंघोळ घालून कशाला आणलीत? माती किती उरली होती तेच तर बघायचं होतं."

सांगतो ते बरोबर असतं, हे मान्य करायला हवं. अख्ख्या गावाची मुळं या माणसाने उघडी पाडली. एकच कुंडी सोडून.

ती त्याच्याच व्हरांड्यात होती. त्याच्या आईचा क्लिव्हिया, नारंगी फुलांचं झाड. कुंडी म्हणजे तिचं ख्रिसमसचं हॅम शिजवायचं जुनं एनॅमलचं पातेलं, त्याला क्लेमच्या वडिलांनी खिळ्याने तळाशी तीन भोकं पाडलेली. गेली तीन वर्षं त्याला फूल नव्हतं. या वसंतात गल्लीतले सगळे क्लिव्हिया नारंगी होऊन गेले. याची मात्र खालची पानं पिवळी पडून लोंबायला लागली.

"क्लिव्हियाला दाटीवाटी आवडते," क्लेम म्हणायचा. "आईने कधी हलवला नाही."

"तुझ्या आईने मलाही कधी बस म्हटलं नाही," त्याची बायको नोएलीन म्हणायची. "म्हणून मी काय चाळीस वर्षं उभीच राहायचं?"

सासूचं आणि तिचं कधी जमलं नाही. पण त्या झाडाचा घोर होता तिलाच. एका शनिवारी क्लेम बोल्स, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा खेळ, खेळायला क्लबात गेला आणि नोएलीन ते पातेलं ढकलगाडीत घालून थेट माझ्या गॅरेजात आली.

"रॉस, हे मेलं ना, तर तो आयुष्यभर म्हणणार की मीच मारलं. चल, सुरी आण."

"त्याला विचारलंस?"

"त्यालाच तर विचारायचंय. तुझ्या फोनवरून."

भोकांतून बाहेर आलेली मुळं आधी कापली. मग पातेल्याच्या कडेने पावाची सुरी फिरवली, ते आडवं केलं, ठोकलं. बऱ्याच विनवण्यांनंतर गड्डा बाहेर आला तो हुबेहूब पातेल्याच्या आकाराचा. फक्त हॅम नव्हतं. आम्ही तो सावलीत ठेवला, शेजारी पांढरी बशी ठेवली, फोटो काढला आणि माझ्या नावाने गटात टाकला. झाड माझ्या मावशीचं, असं लिहिलं. मला मावशी नाही.

क्लेमचं उत्तर दोन चेंडूंच्या मध्येच आलं असावं.

"रॉस, भल्या माणसा, हे झाड आहे का दोरखंडाचं दुकान? मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतलीत, मातीचं नाव नाही. दाटी त्याला आवडते, पण ही दाटी नाही, कोंडी आहे. बाहेरची जाड, मलईच्या रंगाची मुळं जिवंत आहेत. मधली तपकिरी, चपटी दिसताहेत, ती मला पसंत नाहीत. एक चिमटीत धरून ओढ. घट्ट आहे, का साल हातात येते?"

नोएलीनने ओढलं. ओल्या मोज्यासारखी साल निघून आली, आत नुसता दोरा. मी तसं लिहिलं.

"वास?"

"गटारासारखा," नोएलीन म्हणाली. मी तेही लिहिलं.

"कुजलंय. पाणी खाली जायला वाटच नाही, मधेच साचून राहतंय. ज्याने हे इतकी वर्षं असं ठेवलं त्याला हातात फावडं देऊ नये. प्लॅस्टिकची फुलं द्यावीत. खालून एक फोटो पाठव, भोकं बंद झालीत का ते बघतो."

नोएलीनला इतक्या सुखात मी कधी पाहिलं नव्हतं. ते वाक्य तिने दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. त्या भरात आम्ही गड्डा उलटा केला आणि तळाचा फोटो पाठवून दिला.

मग काहीच आलं नाही. आम्ही चहा केला, तरी काही आलं नाही.

"हरत असेल," मी म्हटलं.

नोएलीन फोटोकडे बघत होती. तळाला मुळांच्या सपाट चकतीवर तीन गाठी होत्या, वाकड्या त्रिकोणात. तीन भोकांतून निघालेली मुळं आम्ही कापली होती, त्यांचे खुंट. पातेलं आम्ही फोटोत येऊ दिलं नव्हतं, पण मुळांनी त्याचा ठसा घेऊन ठेवला होता. आणि विचारणारा माणूस तेवढंच वाचायला शिकलेला.

शेवटी गटात एक ओळ उमटली. "सल्ला तोच. मालकाला मी ओळखतो, त्याच्याशी बोलतो."

थोड्या वेळाने बोल्सच्या पांढऱ्या कपड्यांतच तो माझ्या गॅरेजच्या दारात उभा होता. मला म्हणाला, "मावशी कशी आहे?" मग गुडघ्यांवर बसला आणि गड्ड्यावर हात ठेवला.

"मला वाटायचं काढला तर तुटेल," तो म्हणाला.

"तुटेलच," नोएलीन म्हणाली. "तूच लोकांना सांगतोस की तुटलं तरी चालतं."

"लोकांची आई वेगळी."

तिने सुरी त्याच्या हातात दिली आणि गड्डा दोन्ही हातांनी धरून बसली. लोकांना तो जे सांगतो ते सगळं त्याने केलं, फक्त अगदी हळू. कुजलेलं सगळं घट्ट पांढरं मूळ लागेपर्यंत छाटलं. मधला भाग गेलाच होता. कडेचे दोन फुटवे तेवढे आपापल्या मुळांसकट सुटे निघाले. ते दोन दिवस सावलीत वाळू दिले, म्हणजे काप सुकतील. मग लाकडाच्या सालींच्या भरड मिश्रणात, मुळं मावतील एवढ्याच कुंड्यांत लावले. मी मोठ्या कुंड्या देऊ केल्या तर म्हणाला, "एवढ्याशा मुळांभोवती एवढी ओल? परत कुजवायचंय का?" हे मात्र त्याच्या जुन्या आवाजात.

एक कुंडी त्याने स्वतःच्या खुर्चीजवळ ठेवली, दुसरी नोएलीनच्या.

"तुझ्या आईला हे चाललं असतं?" तिने विचारलं.

"नाही," क्लेम म्हणाला.

आता अट एकच होती: आठवडाभर पाणी द्यायचं नाही. गटात ही अट मोडणाऱ्यांना क्लेमने काय काय ऐकवलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्याच दिवशी नोएलीनने त्याला झारीसकट पकडलं. पानं तहानलेली दिसतात म्हणाला. तिने झारी आणून माझ्या गॅरेजात ठेवली आणि आपल्या नळाची चावीही काढून घेतली.

काल तो कुंपणापाशी आला.

"रॉस, तुझा पाण्याचा पाइप जरा दे. गाडी धुवायचीय."

गाडी घेऊन नोएलीन सकाळीच बाजारात गेली होती.