युसुफच्या अदबीचा शेरा

युसुफला कुणी उर्मट म्हटलं असतं तर तो हसला असता. फाटकावरच्या माणसानं विचारायचं असतं, आणि विचारणाऱ्याचं तोंड गोड नसतं, एवढं त्याला ठाऊक. उभं आयुष्य नंदुरबारच्या एका जिनिंगच्या फाटकावर गेलेलं. तिथं कपाशीची गाडी मालकाच्या सासऱ्याची असली तरी थांबायची. कोण, कुठून, कुणाकडे? तीन प्रश्न, मग फाटक.

लढाईच्या दिवसांत स्टेशनपलीकडे को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे बंगले उठले आणि युसुफ तिथं रखवालदार झाला. एक वर्ष हंगामी. वर्षाअखेर पंच बसणार, हजेरी, सावधपणा, अदब आणि आल्यागेल्याची विचारपूस या चार बाबींवर शेरे देणार. एक जरी शेरा ‘वाईट’ पडला तर कायम नाही. आणि कायम नाही म्हणजे फाटकाजवळची खोलीही सोडायची. त्या खोलीत त्याच्या बायकोनं, हाजराबीनं, नुकती कुठं चूल बसवली होती. या वयात पुन्हा बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

वर्ष तसं चांगलं गेलं. खाडा एकही नाही. तांब्याचा हंडा उचलून निघालेला भामटा त्यानं मानगुटीला धरून पंचांपुढे उभा केला. माशी शिंकली ती माघात.

सुकलाल पाटील हे पंचांपैकीच एक. त्यांची आई वारली. दुसऱ्या दिवशी म्हसावदहून बायका आल्या. वळणावर गाडीतून उतरल्या, पदर तोंडावर ओढले आणि मोठ्यानं रडत निघाल्या. पुढे अनुसयाबाई, गेलेल्या म्हातारीची सख्खी धाकटी बहीण. हे रडणं एकदा सुरू झालं की मयताच्या दारापर्यंत तुटू द्यायचं नसतं, आणि रडत येणाऱ्याला कुणी ‘या’ही म्हणत नाही. युसुफला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस सवयीचा गुलाम. तो फाटकात आडवा उभा राहिला.

“कोन? कोठून वनात? कोनाकडे जानं शे?”

रडणं तुटलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. हाजराबी खोलीतून धावली. “अजी, अकल कहाँ गई तुम्हारी?” म्हणत तिनंच फाटक उघडलं. पण अनुसयाबाईंचा गळा काही पुन्हा फुटेना. त्या मुक्यानंच चालत गेल्या आणि मुक्यानंच बहिणीच्या दाराशी बसल्या. बहिणीसाठी बहीण रडली नाही, ही कुजबुज त्याच संध्याकाळी सोसायटीभर झाली. 

फाल्गुन लागला तसे पंच अध्यक्ष वीरसिंगांच्या ओसरीवर बसले. युसुफ पायरीखाली उभा. हजेरी उत्तम. सावधपणा उत्तम. विचारपूस? वीरसिंग मिशीत हसले. “सख्ख्या मावशीलाही सोडलं नाही, म्हणजे उत्तमच की!” कुणी हसलं नाही. अदबीपाशी सगळे सुकलालांकडे बघू लागले.

“वाईट,” सुकलाल म्हणाले. “मन्ही मायले तिन्हा बहीननं रडनं भेटनं नही.”

“तुले काय सांगनं शे?” वीरसिंगांनी युसुफला विचारलं.

“चूक मन्ही शे,” युसुफ म्हणाला. सबब त्यानं दिली नाही. असती तरी दिली नसती.

वीरसिंग मुरलेले गृहस्थ. म्हणाले, “महिन्याच्या श्राद्धाला मावशी येतीलच. अपमान त्यांचा झालाय, त्या काय म्हणतात ते बघू. तोवर हा शेरा कोरा ठेवू.” सुकलालांनी नाइलाजानं मान हलवली.

श्राद्धाच्या दिवशी युसुफनं सकाळपासूनच फाटक सताड उघडं ठेवलं. चपला काढून, मान खाली घालून तो बाजूला उभा राहिला. गाडी वळणावर थांबली. अनुसयाबाई एकट्याच चालत आल्या, आणि उघड्या फाटकात आपण होऊन थबकल्या.

“इचार ना, भाऊ.”

युसुफनं मान आणखीच खाली घातली.

“अनुसया मन्हं नाव,” त्या स्वतःच म्हणाल्या. “म्हसावदथून वनू. बहीनकडे जास...”

‘बहीण’ म्हणताच महिनाभर अडकलेला गळा मोकळा झाला. तिथंच, फाटकात, त्यांनी हंबरडा फोडला. मग तशाच रडत निघाल्या, आणि ते रडणं दारापर्यंत तुटलं नाही. दारात सुकलाल उभे होते. ते मावशीच्या गळ्यात पडून पोरासारखे रडले. आईच्या दहनालाही ते असे रडले नव्हते.

संध्याकाळी सुकलालांनी कोरा शेरा भरला. ‘उत्तम’ नाही लिहिलं. ‘बरी’ लिहिलं. युसुफलाही ते पटलं. ‘वाईट’ एकही नव्हता, म्हणजे नोकरी कायम.

हाजराबीनं खोलीतली चूल पेटवली. युसुफ फाटकावर गेला. तेवढ्यात एक अनोळखी गृहस्थ आत शिरू लागला.

“राम राम,” युसुफ आधी म्हणाला, आणि मग विचारलं, “कोन? कोठून वनात? कोनाकडे जानं शे?”