चेंडूच्या वर एक वीत

आमच्या स्टुडिओतल्या मावशींचं काम एका वाक्यात सांगता येतं. काठीच्या टोकाला चेंडू लावायचा आणि तो सांगितलेल्या जागी धरून उभं राहायचं. समोरच्या नटाने त्या चेंडूकडे बघून हसायचं, रडायचं, घाबरायचं. पुढे संगणकावर मागची हिरवी भिंत पुसली जाते, चेंडूच्या जागी राक्षस येतो, नाहीतर आगीचा डोंब येतो, आणि मावशी कुठेच नसतात. अकरा वर्षांत त्यांच्याकडे तोंड करून शेकडो माणसं रडली असतील, पण मावशींचा एक केसही कुठल्या चित्रपटात सापडायचा नाही.

त्या मुळात फरशी पुसायला आल्या होत्या. हिरव्या जमिनीवर बुटांचे ठसे उठले की तिथला हिरवा काळपट होतो आणि संगणकाला तो पुसता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. दर वेळी कॅमेरावाले दादा त्याच डागांपाशी कपाळाला हात लावतात, एवढं त्यांनी पाहिलं आणि दारात चपला काढायला लावण्याचा कायदा केला. तो निर्मात्यालाही लागू होता. पुढे भिंतीला रंगही त्याच देऊ लागल्या, रोलरने, एका दमात, म्हणजे जोड दिसत नाही.

मी मात्र तिथे गेले ती उंटावरचा शहाणा होऊन. दिग्दर्शक म्हणून माझा पहिला चित्रपट. लहान मुलांचा. एक म्हातारी आणि माणसाएवढा उंच, बोलणारा करकोचा, यांच्या मैत्रीची गोष्ट. करकोचा नंतर संगणकावर यायचा होता. म्हातारीचं काम करणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, रंगभूमीवर उभा जन्म काढलेल्या. आठ वर्षांनी त्यांना काम मिळालं होतं, आणि ते मी भांडून मिळवून दिलं होतं. निर्मात्याने बजावलं होतं, "पहिल्या दिवसाचे शॉट बघतो. नाही जमलं तर उद्या दुसरी म्हातारी आणतो." बाईंना हे ठाऊक होतं. सकाळी मेकअपच्या खुर्चीत त्या मला म्हणाल्या, "हे शेवटचं काम असेल गं माझं. नीट करून घे."

नीट करून घ्यायला मला तरी कुठे येत होतं? भिंत फ्रेमभर दिसावी म्हणून मी बाईंना भिंतीला जवळजवळ टेकवूनच बसवलं. दादांच्या लॅपटॉपवर मागे नदीकाठ टाकून पाहिला, तर बाईंच्या पांढऱ्या केसांना सगळीकडून हिरवी झालर. तळ्यातून बाहेर काढल्यासारख्या दिसत होत्या.

"बाईंना बारा फूट पुढे घ्या," मागून आवाज आला. मावशी. अंगावर काळे कपडे, हातात काठी. "भिंतीवर पडलेला उजेड परत येतो आणि माणसाला चिकटतो. पांढऱ्या केसांना तर आधी. आणि सावली पडतेय बघा भिंतीवर."

"मावशींचं ऐका," दादा म्हणाले. "मी पण ऐकतो."

मग बाईंना पुढे घेतलं. दादांनी भिंतीचे दिवे वेगळे केले आणि बाईंचे वेगळे. भिंतीला दोन्ही बाजूंनी मऊ उजेड, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही, आणि डोळे दिपतील इतका तर मुळीच नाही, कारण भिंत जितकी पेटते तितकी ती माणसावर हिरवी सांडते. गोष्टीत संध्याकाळचा सूर्य डावीकडे होता, म्हणून बाईंवर डावीकडून पिवळसर दिवा आला. मागून वरून एक छोटा दिवा केसांच्या कडेवर. बाईंच्या पायाशी मावशींनी काळं कापड अंथरलं, जमिनीचा हिरवा हनुवटीखाली चढू नये म्हणून. झालर गेली. मी थाटात माझ्या पिशवीतून नवाकोरा टेनिसचा चेंडू काढला.

"पोपटी?" मावशी हसल्या. "ताई, भिंतीबरोबर हाही अर्धामुर्धा पुसला जाईल. बाईंना तरी काय दिसायचा?" त्यांनी खिशातून स्वतःचा भगभगीत नारिंगी चेंडू काढला. झिजून गुळगुळीत झालेला.

शॉट सुरू झाला. चेंडू करकोच्याच्या डोळ्याच्या उंचीवर, तो उभा असेल तितक्याच अंतरावर. अंतर चुकवून चालत नाही, कारण नजर किती लांब जाऊन थांबलीय ते कॅमेऱ्याला बरोबर कळतं. बाई बोलल्या. काय तो आवाज! पण दादांनी लॅपटॉपवर करकोच्याचं कच्चं चित्र बसवलं, आणि बाई त्याच्या डोळ्यात नाही, डोक्याच्या वर कुठेतरी बघत होत्या. जणू पलीकडच्या झाडावर माकड बसलंय.

"मावशी, चेंडू वर गेला का?"

"गेला असेल. हात हलला माझा."

पुन्हा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही मावशी म्हणाल्या, हात हलला. माझं डोकं सटकलं. सकाळपासून माझ्याच चुका उघड्या पडत होत्या, त्या वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "एक काठी धरता येत नाही? मग अकरा वर्षं केलंत काय?" त्यांच्या हातून काठी घेतली, दिव्याच्या स्टँडला बांधली, फूटपट्टीने उंची मोजली आणि मावशींना कोपऱ्यात बसायला सांगितलं. त्या बसल्या. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

स्टँड काही हलत नाही. बाईंची नजर तरीही चेंडूच्या वर एक वीत.

"बाई, चेंडूकडे बघा ना!"

"बघतेच आहे गं," बाई म्हणाल्या. मग घाईघाईने, "पुन्हा घेऊया. पुन्हा घे." त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच भीती ऐकू आली.

मी जेवणाची सुट्टी दिली आणि फोन घेऊन बाहेरच्या जिन्यात आले. निर्मात्याला सांगणार होते, बाईंना जमत नाहीये. मावशी माझ्या मागोमाग आल्या आणि जिन्याच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"फोन नका करू, ताई."

"मावशी, आता तुम्ही मध्ये—"

"बाईंना मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. माझ्या सासूबाईंचं असंच होतं. नऊ वर्षं काढली मी त्यांच्याजवळ. जिथे बघावं तिथेच काळा डाग, म्हणून जे बघायचं त्याच्या जरा वर बघायच्या. मग ते डागाच्या खालून दिसायचं. मला वाटायचं, सासूबाई माझ्याकडे बघायचंही टाळतात. दोन वर्षं रुसले होते मी त्यांच्यावर."

"बाईंनी सांगितलं तुम्हाला?"

"असलं कोण सांगतं? चेंडू मी धरते. समोरच्याची नजर कुठून जाते ते मला कळणार नाही तर कोणाला?"

"मग सकाळीच का नाही बोललात? तीनदा स्वतःवर का घेतलंत?"

"सगळ्यांदेखत बोलू?" त्या जरा चिडल्याच. "मला तुम्ही बोललात, मी ऐकून घेतलं. उद्या विसरेन. बाईंचं काम गेलं तर ते परत येणार आहे का?"

मी फोन खिशात टाकला. मला रडू येत होतं. मी मावशींची माफी मागितली, तीही धड नाही, अडखळत. त्यांनी हात झटकला. "माफी राहू द्या. चेंडू कुठे धरायचा ते मला ठरवू द्या."

दुपारी काठी परत मावशींकडे आली. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. फक्त चेंडू करकोच्याच्या डोळ्यापाशी नव्हता, त्याच्या एक वीत खाली होता. बाई चेंडू दिसावा म्हणून त्याच्या वर बघत होत्या आणि त्यांची नजर नेमकी डोळ्यावर जाऊन बसत होती. पक्षी जवळ आला की मावशी वितीची चार बोटं करत, लांब गेला की वितीला आणखी थोडी जोडत. हा हिशेब त्यांनी कसा केला ते मला विचारू नका. दादा लॅपटॉपवरून मान वर करून नुसते बघत राहिले. संध्याकाळी पाच शॉट निर्मात्याला गेले आणि उत्तर आलं, "याच बाई राहू देत. पक्षी खरा वाटतोय."

शेवटच्या दिवशी निरोपाचा शॉट होता. करकोचा मान खाली घालून म्हातारीच्या चेहऱ्यासमोर डोळे आणतो आणि ती त्याला सांगते, जा आता. जवळचा शॉट, म्हणून काठी नकोच होती. मावशी कॅमेऱ्याला लागून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरच करकोच्याचे डोळे यायचे होते, म्हणून चेंडू त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या गळ्यापाशी धरला.

बाई बोलू लागल्या. त्यांची नजर वर गेली आणि सरळ मावशींच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. "जा रे," बाई म्हणाल्या, "माझ्यासाठी थांबू नकोस." मावशींच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण चेंडू केसभरही हलला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी चेंडू सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, इतक्या मायेने बघत होतं, आणि त्या बघणारीच्या डोळ्यांत तिथे फक्त एक काळा डाग होता.

मी कट म्हणाले.

बाईंनी विचारलं, "काठीवाली कुठे आहे?"

"इथेच आहे, बाई."

"पहिल्या दिवशी दुपारपासून मला कुणी टोकलं नाही. मला वाटलं, मला बरं दिसायला लागलं. मग कळलं, चेंडूच खाली आलाय." त्या हसल्या. "तूच केलंस ना हे?"

मावशींनी चेंडू खिशात टाकला.

"इकडे ये. अशी जवळ ये. इतके दिवस तुझ्यासमोर बसले आणि तुझं तोंड पाहिलं नाही मी."

मावशी पुढे जाऊन बाईंच्या गुडघ्यांपाशी बसल्या. बाईंनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि नजर त्यांच्यावरून उचलून वर नेली, केसांच्या वर चार बोटं. सेटवर नवीन आलेल्या एकाने हळूच दादांना विचारलं, "त्या भिंतीकडे काय बघतायत?"

"गप्प बस," दादा म्हणाले.

बाई बराच वेळ तशाच बघत होत्या.

"दिसलीस गं," त्या म्हणाल्या.