चार इंचांची पुली

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं फिटर म्हणून राबलेल्या एका म्हाताऱ्या माणसानं माझी चक्की वाचवली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कोणाला वाटायचं, की शेवटी बाई हुशार निघाली. तसं काही नाही. मी आठवीतून शाळा सोडलेली आणि जन्माची घाबरट. शहाणपण सगळं त्यांचं. मी त्यांना मिस्त्रीकाका म्हणायची. ते मला बाई म्हणायचे, आणि खूश असले की माय.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. नवरा शेंदूरजनाघाटहून संत्र्याच्या गाड्या घेऊन आमच्याकडे यायचा, आणि अशाच एका खेपेत आमची सोयरीक जुळली. मी मूर्तिजापूरजवळच्या या गावात येऊन पडले. तांदळाच्या मुलखातली पोर, ज्वारीची भाकरी थापायला घेतली की परातीतच चिरायची. बोलायला तोंड उघडलं की बाया हसायच्या. पहिली दोन वर्षं मी या गावात कोणाची तरी सून, कोणाची तरी वहिनी होते. सासरे गेल्यावर त्यांची चक्की बंद पडली होती. ती मी हट्टानं चालू केली, आणि चार महिन्यांत मी चक्कीवाली बाई झाले. दुपारी बाया डब्यांवर बसून गप्पा मारायच्या, केसांवर पीठ बसून सगळ्याजणी सारख्याच म्हाताऱ्या दिसायच्या. परक्या गावात मला जागा मिळाली ती त्या डब्यांच्या रांगेत. आज ते दिवस आठवले, की गरम पिठाचा वासच आधी येतो.

त्या वर्षी ज्वारी घरात आली आणि दळणाची गर्दी झाली, तेव्हा मोटर बंद पडायला लागली. दहा हॉर्सपॉवरची मोटर. अर्धा डबा झाला की स्टार्टर खट्‌कन सुटायचा. थोडं थांबून बटण दाबायचं, पुन्हा अर्धा डबा, पुन्हा खट्‌. मला वाटलं, मोटरला भार सोसत नाही. मग माझं डोकं चाललं. शाळेत असताना भावाची गिअरची सायकल होती. चढावर तो साखळी पुढच्या लहान चक्रावर टाकायचा आणि पाय हलके व्हायचे. मी म्हटलं, मोटरचेही पाय हलके करू. मोटरवर पट्टा फिरवणारी सहा इंचांची पुली होती. मी अकोल्याला गेले, ती मोडीत दिली आणि चार इंचांची घेऊन आले. गावातल्या वायरमनकडून बसवून घेतली. घरात कोणाला सांगितलं नाही. जमलं तर सांगू, असं मनात होतं.

आणि जमलं की! स्टार्टर सुटेना. भिंतीवरच्या मीटरचा काटा आधी तेराच्या पुढे जायचा, तो आठावर येऊन गप्प बसला. मी दिव्याला हात जोडले. वीजही वाचली म्हटलं.

पंधरा दिवसांत आनंद उतरला. जो डबा चहा होईपर्यंत दळून व्हायचा, त्याला आता दीडपट वेळ लागायला लागला. रांग लवकर सरावी म्हणून मी दाणे जास्त सोडले, की पट्टे किंचाळायचे आणि रबर जळाल्याचा वास यायचा. पट्टे ताणून बसवले, तर चार दिवसांत ढिले. दोन महिन्यांत पट्ट्यांचे दोन जोड गेले. चक्की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायची तरी डबे उरायचे. वीजबिलही कमी आलं नाही, उलट वाढलं. बाया एकेक करून बसस्टँडजवळच्या चक्कीवर जायला लागल्या.

एक जण तोंडावर बोलली, "बाई, तुह्या चक्कीत दाणे टाकले त पोरगी सासरी जाऊन परत माहेरी येते, पण पीठ नाई येत."

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी जाऊन रडले.

दिराला वाटलं, मोटर म्हातारी झाली. तो म्हणाला, "वहिनी, तुमाले किती सांगू? बाबांच्या वेळची मोटर हाय ते. गेली ते आता. परतवाड्याचा एक जण मोटरीसगट चक्की घ्याले तयार हाय. सोमवारी येऊन राहिला."

नवऱ्याला फोन केला, तर तो गाडी चालवता चालवता म्हणाला, "तो म्हंते तसं कर." मी पुलीचं तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर सगळं माझ्यावर आलं असतं, आणि नाही काढलं तर चक्की जाणार होती. चक्की गेली की मी पुन्हा कोणाची तरी वहिनी.

शनिवारी मी अकोल्याला पट्ट्यांचा तिसरा जोड आणायला गेले. सोमवारपर्यंत चक्की चालती दाखवली तर दीर ऐकेल, एवढंच वेड्यासारखं डोक्यात होतं. दुकानाच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसले होते. तेच मिस्त्रीकाका. मी पट्ट्याचा नंबर सांगितला, तर दुकानदार म्हणाला, "बाई, तुमी पट्टे दळून राहिल्या का ज्वारी?"

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. "मोटरवर पुली किती इंची हाय वो?"

"चार."

"अन् दगडावर?"

"अठरा."

"आधीपासून चारच हाय?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या गावाचं नाव विचारून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाले, "पट्टे राहू दे. सहा इंची पुली दे इले. उद्या मी येतो पाहाले, सुट्टीच हाय मले. तशी रोजच हाय, पण उद्या सांगायले बरं वाटते."

रविवारी सकाळच्या गाडीनं ते आले. पांढरा सदरा, काखेत छिन्न्या-हातोड्याची पिशवी. आल्या आल्या सासूबाईंना "जय भीम" म्हणाले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "चालू कर."

दहा मिनिटं चक्की चालवली. पट्टे किंचाळले. त्यांनी बंद करायला सांगितली, वरचा मेन स्विचही पाडायला लावला, आणि सगळं थांबल्यावर माझा हात धरून चार इंचांच्या पुलीजवळ नेला. टेकवला नाही, पण झळ लागली.

"हे गरम कावून झालं?"

"पट्टा घासून."

"मंग हे ऊब कोणाची? तुह्या मोटरची ताकद हाय ते. दगडापर्यंत पोचलीच नाई. अथीच जळून गेली. तू विजेवर पुली तापवून राहिली, माय."

त्यांनी सुतळी काढली. ती लहान पुलीभोवती एक वेढा गुंडाळून कापली. तो तुकडा दगडाच्या मोठ्या पुलीवर मला टेकवत न्यायला सांगितला. साडेचार वेळा बसला. म्हणजे मोटर साडेचार वेळा फिरली की दगड एकदा. मग नव्या सहा इंचीला सुतळी गुंडाळली. ती मोजून तीन वेळा.

"मोटर मिनिटाले चौदाशे चाळीस फेरे मारते. आता भागाकार कर."

आठवीत गणितातच तर नापास झाले होते. पण त्यांनी खडू हातात दिला आणि स्वतः मुद्दाम बाहेर बघत उभे राहिले. मी भिंतीवर मांडलं. तीननं भागलं, चारशे ऐंशी. साडेचारनं भागायला वेळ लागला, तीनशे वीस.

"म्हणजे मी दगडाचे एकशे साठ फेरे कमी केले?"

"तूच केले. मोटरनं नाई. सायकलीचं खरं हाय, जोर वाढते, पण वेग जाते. चढ चढाले ते चालते. दळणाले फेरे लागते. अन् पुली लहान झाली की पट्टा हळू धावते. हळू धावणाऱ्या पट्ट्याले तेवढंच काम कराले जास्त जोरानं ओढा लागते. सहा इंचाले तो गच्च मिठी मारते. चार इंचाले नुसता हात लावते. घसरणार नाई त काय करणार?"

"पण काटा खाली आला होता ना, काका."

"येईनच. काम कमी केलं म्हणून. पण रिकाम्या मोटरलेबी फिरायले काईतरी लागतेच. ते खाणं दिवसभर चालू, अन् पीठ थोडं."

"मग आधी स्टार्टर का सुटायचा?"

त्यांनी दगडाकडे बोट दाखवलं. आम्ही दोघांनी मिळून वरचा दगड उचलून बाजूला घेतला. ते बोट फिरवत गेले आणि माझंही बोट फिरवलं. दगड घरच्या फरशीइतका गुळगुळीत. छिन्नीनं पाडलेल्या टाक्या, म्हणजे दळणाच्या खाचा, झिजून गेल्या होत्या. दाणे कापले जात नव्हते, नुसते चेंगरत होते, म्हणून मोटरवर भार येत होता. सासरे दर काही दिवसांनी दगडाला टाकी द्यायचे, हे मला माहीत होतं. मी टाळत आले होते, कारण टाकी देणं मला येत नव्हतं आणि कोणाला विचारायची लाज वाटत होती.

दुपारभर ते टाकी देत बसले. अर्धा दगड माझ्याकडून करून घेतला. हाताला फोड आले. दिवस कलता कलता सहा इंची पुली चढवली, मोटर खालच्या लोखंडी रुळांवर थोडी आत सरकवली, पट्टे अंगठ्यानं दाबून पाहिले आणि चक्की चालू केली. ज्वारी सोडली तशी काटा वर चढायला लागला. दहा, अकरा, बारा. मी बटणाकडे धावले.

"अवं थांब! चढू दे. काम करते त खाले नको का?"

काटा बारावर थांबला. स्टार्टर सुटला नाही. पट्टे गप्प होते, आणि खाली पीठ असं पडत होतं की मला डबा बदलायची घाई झाली. सासऱ्यांच्या वेळचा तो भरीव घुमणारा आवाज होता. सासूबाई आतून येऊन दारात उभ्या राहिल्या.

त्या रात्री मी दिराला पुलीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सांगा लागत होतं ना, वहिनी." एवढंच.

सोमवारी परतवाड्याचा माणूस आला, तेव्हा दारात नऊ डबे होते. त्यानं पीठ चिमटीत घेऊन चोळलं, मोटरीवर हात ठेवला आणि दिराला म्हणाला, "बंद चक्की घ्याले आलो होतो, बापा. चालत्या चक्कीचं मले काय काम?" दीर माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनीले इचारा." मी मान हलवून नाही म्हटलं आणि पुढचा डबा ओतला.

आठवड्यानं मी मिस्त्रीकाकांकडे अकोल्याला ज्वारीचं पीठ घेऊन गेले. ते पीठ त्यांनी ठेवून घेतलं, बाकी काही घ्यायला तयार होईनात. मी फारच गळ घातली, तेव्हा खाटेवर मांडी घालून म्हणाले, "मी नागपूरच्या पुढं अन् भुसावळच्या अलीकडं, एवढाच हिंडलो. तुह्याकडचा समुद्र खारा असते म्हंते. ऐकून काय भागते? एकडाव चाखून पाहा लागन."

तेव्हा मी हसले. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, जिना उतरताना भिंत धरतात, आणि मी मात्र दरवर्षी हंगामाचं कारण काढते. काका, कोणी हे तुम्हाला वाचून दाखवलं, तर ऐका. एकदा चक्कीला कुलूप लावून मी तुम्हाला माझ्या माहेरी नेणार आहे, आणि ओंजळीत पाणी घेऊन ते तुम्हाला स्वतः चाखायला देणार आहे.