नानांचा नंबर

नव्वदच्या आगेमागे धुळ्यात आम्ही पाच ठेकेदार होतो. रस्त्याचं टेंडर निघालं की स्टँडजवळच्या लॉजवर जमायचं. ज्याचा नंबर असेल त्याने सगळ्यांना शेवभाजी खाऊ घालायची आणि दर ठरवायचे. याला आम्ही सरळ 'रिंग' म्हणायचो. लाजबिज काही नव्हती. रिंगच्या आधी एकमेकांच्या उरावर बसून दर पाडायचो. काम मिळायचं, पण पदरात काही पडायचं नाही. रिंगमध्ये नंबरवाला सरकारी अंदाजपत्रकाच्या नऊ टक्के वर भरायचा, बाकीचे त्याच्याही वर. हे काम त्याला, पुढचं दुसऱ्याला. जास्तीचा पैसा सरकारचा, म्हणजे कुणाचाच नाही, असं आम्ही खुशाल धरून चाललो होतो.

विश्वास मात्र कुणाचाच कुणावर नव्हता. शब्द मोडला तर कोर्टात थोडंच जाता येतं? म्हणून पाकिटं सगळ्यांसमोर भरून, लाख लावून नंबरवाल्याच्या हाती द्यायची. सरकारी कचेरीतल्या टेंडरच्या पेटीत तोच टाकणार.

त्या वेळी दोंडाईच्याकडच्या रस्त्याचं काम होतं आणि नंबर नानांचा. नाना आमच्यात थोरले. मला या धंद्यात त्यांनीच आणलं. लागोपाठ तीन कामं त्यांनी आमच्यासाठी सोडली होती. रोलर दारात गंजत होता, मजूर गुजरातेत निघायच्या बेतात होते. हे काम हुकलं तर नानांचा धंदा बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरीही मी ते केलं. पेटी दुपारी बंद व्हायची. तोवर, आधीच्या पाकिटातला दर कमी करणारं पत्र टाकायची सोय होती. नानांच्या एक टक्का खाली आलो असतो तरी काम माझं होतं, आणि पेटी उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नव्हता. मग मनात आलं, मला सुचलं ते बाकीच्यांना सुचलं नसेल कशावरून? त्या धास्तीने मी थेट अंदाजपत्रकाच्या चार टक्के खाली उतरलो.

कारकुनाने पेटी उघडली तर पत्रं दोन निघाली. दुसऱ्या भिडूचं दोन टक्के खाली होतं. काम मला मिळालं. शब्दाला जागलेल्यांत नानाही होते. ते माझ्याकडे बघून जिना उतरून गेले.

पुढच्या टेंडरपासून रिंग मोडली आणि दर पुन्हा कोसळले. चार टक्के खालीही माझं काम नीट भागलं. मग इतकी वर्षं ते वरचे नऊ टक्के आम्ही कसले खाल्ले, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

ते काम सुरू करताना मला रोलर हवा होता. नानांनी विकायला काढला, तो मीच घेतला. न्यायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते. मान वर करायची माझी हिंमत होईना.

"उतारवर सांभाळजो, भाऊ," नाना म्हणाले. "ब्रेक ढिला शे."