तळटीप क्रमांक सत्तेचाळीस

कायद्याच्या कॉलेजात शिकवायला लागून मला सत्तावीस वर्षं झाली. मुलं परीक्षेला घाबरत नसतील तेवढी मला घाबरतात, हे मला ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं. कारण एकच, तळटिपा. एल्‌एल्‌.एम.चा प्रबंध हातात आला की मी मजकूर नंतर वाचते, आधी पानाच्या तळाशी जाते. माणूस वर काय वाट्टेल ते लिहितो. ते कुठून आणलं हे खाली कळतं.

नियम माझे मोजकेच. संदर्भ द्यायची एक पद्धत धरायची आणि शेवटच्या पानापर्यंत सोडायची नाही. खटल्याचं नाव तिरप्या अक्षरांत, मग वर्ष, निकालसंग्रहाचा खंड, पान, आणि ज्या परिच्छेदावर आपण बोट ठेवतोय त्याचा क्रमांक. दुसऱ्यांदा उल्लेख आला तर 'वरील टीप अमुक'. मधे नवी टीप घुसवलीत तर पुढचे सगळे 'वरील टीप' पुन्हा मोजा. आणि सगळ्यांत वरचा नियम म्हणजे जे उघडून वाचलं नाही ते वाचल्यासारखं लिहायचं नाही. दुसऱ्याच्या लेखात सापडलं असेल तर 'अमुक लेखात उद्धृत' असं प्रामाणिकपणे लिहा. पण तेही नाइलाज असेल तरच. निकालपत्र लायब्ररीत असताना दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं कशाला?

गेल्या वर्षी माझ्याकडे यवतमाळची एक मुलगी होती. हडपसरला तीन मुलींत खोली घेऊन राहायची, दोन बस बदलून यायची. बोलणं कमी, काम चोख. "मॅडम, मी तेच पाहून राहिली होती," असं म्हणायची, आणि मी लगेच टोमणा मारायची, "पाहून राहिलीस ना? मग आता लिहून राहा." ती हसायची. आवडत होती मला ती, पण हे तिला कधी जाणवू दिलं नाही. आमच्या नारायण पेठेत कौतुक करायची पद्धत नाही.

तिचा विषय होता फेरीवाले आणि पालिका. टपरी हटवण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं की नुसती नोटीस पुरे, हा प्रश्न. प्रबंध द्यायला आठ दिवस उरले होते. तिच्या गावाकडच्या एका कॉलेजात शिकवण्याची जागा तिच्यासाठी थांबवून ठेवली होती, प्रबंध दाखल केल्याची पावती दाखवली तरच. तारीख चुकली की पुढचं सत्र, आणि जागा दुसऱ्याला. दाखल करायला मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे माझी सही.

तिसऱ्या प्रकरणात दोन पद्धती मिसळल्या होत्या. आधीच्या दोन प्रकरणांत वर्ष कंसात आणि संक्षेपांत टिंबं नाहीत. इथे मधेच टिंबं उगवली, कंस गायब. "हे प्रकरण कुणाचं गं?" मी विचारलं. पद्धत बदलली की बहुतेक वेळा हात बदललेला असतो. ती म्हणाली, टिपणं काढताना एका लेखातले संदर्भ जसेच्या तसे उतरवले होते, निकालपत्रं नंतर सगळी वाचली, पण टिंबं काढायची राहून गेली. दोन दिवसांत तिने सगळं एकसारखं करून आणलं. मी प्रत्येक टीप तपासली, आणि सत्तेचाळिसाव्या टिपेशी येऊन अडकले.

वर मजकुरात लिहिलं होतं, 'नोटीस मिळाली की बाजू मांडायची संधी मिळाली असेच समजावे, असे प्रतिपादन आढळते.' खाली एका जुन्या खटल्याचं नाव, खंड, पान ६१२, आणि पुढे, 'अमुक लेखात उद्धृत'. लेख माझा होता.

माझं डोकंच फिरलं. तो लेख मी तिशीच्या आत लिहिला होता. निकालातल्या त्या एका वाक्यावरून मी त्यात कोर्टाला चार पानं झोडपलं होतं, आणि तेव्हा त्याचं खूप नाव झालं. त्या लेखाच्या तळटिपांची झेरॉक्स मी दर वर्षी वर्गात नमुना म्हणून वाटते.

"'प्रतिपादन आढळते' म्हणजे काय?" स्टाफरूममध्ये दोन सहकारी बसलेले असताना मी तिला विचारलं. "कुणाचं प्रतिपादन? शेजारणीचं? कोर्टाचं आहे, तर 'कोर्टाने म्हटले' असं सरळ लिही! आणि माझ्या लेखातून उद्धृत कशाला? तो खंड काय पळून गेलाय लायब्ररीतून?"

ती उभीच होती. म्हणाली, "नाही मॅडम. खंड पाहिला मी."

"पाहिलास, मग 'उद्धृत' का? वाचून न वाचल्यासारखं लिहिणं हेही खोटंच असतं."

ती गप्प. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, आपण एकदा लायब्ररीत येता का माझ्याबरोबर?"

"मला लायब्ररी दाखवतेस?" मी म्हटलं. सहकारी हसले. "ती टीप दुरुस्त होत नाही तोवर सही नाही. जा."

ती गेली. तिचा चेहरा उतरला होता, हे मी पाहिलं होतं.

घरी जेवताना मात्र एक गोष्ट छळायला लागली. ही मुलगी आळशी नाही. खंड पाहिला म्हणतेय तर पाहिलाच असणार. मग 'कोर्टाने म्हटले' हे दोन शब्द लिहायला तिचं काय जात होतं? मी मनाशी म्हटलं, बाई गं, तू स्वतः तो खंड शेवटचा कधी उघडला होतास? आणि घास हातातच राहिला. कारण उत्तर मला माहीत होतं. कधीच नाही.

मी तो लेख लिहीत होते तेव्हा तो खंड बांधणीला गेलेला होता. महिनाभर आला नाही. लेख द्यायची तारीख आली. कायद्यावर भाष्य करणाऱ्या एका जाडजूड टीकाग्रंथात ते वाक्य अवतरणचिन्हांत होतं, खाली खटल्याचं नाव, खंड, पान, सगळं रीतसर. मी ते उतरवलं. 'टीकाग्रंथात उद्धृत' असं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. लेखाला ते शोभलं नसतं, असं वाटलं. खंड आला की बघू, म्हटलं. खंड आला, लेख छापूनही आला, आणि बघायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडताच मी आत शिरले. खंड काढला, पान ६१२ उघडलं. वाक्य होतं. अगदी पहिल्याच ओळीत, शब्द न् शब्द बरोबर. क्षणभर मला हायसं वाटलं, काय सांगू! मग मी मागचं पान उलटलं. परिच्छेद तिथे सुरू होत होता, 'नगरपालिकेच्या विद्वान वकिलांचे म्हणणे असे की'.

ते वाक्य कोर्टाचं नव्हतंच. वकिलाचं होतं. निकालपत्रात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं नोंदवतात आणि मग कोर्ट स्वतःचं मत देतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. चार पानं पुढे कोर्टाने लिहिलं होतं, 'हे म्हणणे आम्हास मान्य नाही.' म्हणजे जे कोर्टाने नाकारलं, त्याच्यावरून मी कोर्टाला झोडपलं होतं. माझा हवाला देऊन पुढे आणखी किती जणांनी, देव जाणे. खटल्याचं नाव बरोबर, खंड बरोबर, पान बरोबर, कंस जिथल्या तिथे. आणि टीप खोटी. लाज वाटली, नुसती लाज.

तिने हे पाहिलं होतं. म्हणून तिने 'कोर्टाने म्हटले' असं लिहिलं नाही. 'चुकले' असंही लिहिलं नाही. जेवढं खरं होतं तेवढंच लिहिलं, की हे या लेखात असं उद्धृत आहे. आणि मी तिला चारचौघांत तेच खोडायला लावत होते.

मी तिला फोन करून बोलावून घेतलं. स्टाफरूममध्ये कालचे तेच दोघे होते, ते बरंच झालं. खंड टेबलावर उघडा ठेवून मी त्यांच्यासमोर म्हणाले, "काल मी हिच्यावर ओरडले. चूक माझी आहे, हिची नाही. मी हा निकाल न वाचता उद्धृत केला होता." एकाने चष्मा पुसायला घेतला.

मग आम्ही दोघी टीप लिहायला बसलो. नवी टीप घातली असती तर पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकले असते, म्हणून सत्तेचाळीसमध्येच वाढवायचं ठरवलं. मजकुरात तिने 'असे प्रतिपादन आढळते'च्या जागी 'असा युक्तिवाद पालिकेच्या वतीने झाला होता. तो कोर्टाने फेटाळला' असं केलं. खाली खटला, दोन्ही परिच्छेदांचे क्रमांक, आणि पुढे माझं नाव, माझा लेख, पान, आणि, 'या लेखात सदर वाक्य अनवधानाने कोर्टाचे म्हणून उद्धृत झाले आहे.'

"'अनवधानाने' काढ," मी म्हटलं.

"असू द्या ना मॅडम."

"त्याला आधार काय? तुला कुणी सांगितलं अनवधानाने म्हणून? मी पुस्तक उघडलं नव्हतं. 'मूळ निकालपत्र न पाहता' असं लिही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. प्रिंट काढून आणल्यावर मी प्रमाणपत्रावर सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. बाइंडिंगला आणि दाखल करायला अजून चार दिवस हातात होते. जागा वाचली होती.

ती कागद पिशवीत भरत होती. मला राहवेना. "पहिल्याच दिवशी सरळ का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "खंड तुझ्याकडे होता, परिच्छेद तुझ्याकडे होता. मीच शिकवलं ना, आधार असेल तर कुणापुढेही बोलायचं?"

तिने पिशवीची चेन लावली. प्रमाणपत्र आत गेलंय ना, हे वरून एकदा चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "आधार माझ्याकडे होता, मॅडम. पण सही तुमच्याकडे होती."

एवढं बोलून ती वाकली, मला नमस्कार केला आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर किती मुलं अशी गप्प उभी राहिली असतील, आणि मी त्या गप्प बसण्याला अज्ञान समजले असेन, याचा हिशोब कुठल्या खंडात मिळणार? माझा तो लेख ज्यात छापला होता त्या नियतकालिकाच्या संपादकांना मी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत चूक, आणि तिसऱ्या ओळीत, ही चूक कुणी दाखवून दिली, ते.