तीन खाटा आणि चौथी मुलगी

रंजीता मॅडमला उदाहरणाशिवाय शिकवताच येत नसे. बल्लारपूरच्या एका फिटरची ही मुलगी आरमोरीत अकरावीला रसायनशास्त्र शिकवायची, आणि शिकवायची तेही धानाची रोवणी, आठवडी बाजार, एसटीतली जागा असलं काहीबाही हाताशी धरून. वर्गातल्या अर्ध्या मुली जंगलातल्या गावांतून आलेल्या. पुस्तकातली इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायची, मॅडमचं उदाहरण मात्र डोक्यात रुतून बसायचं. याचा तिला कोण अभिमान! रुतलेलं मग उपटता येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी विषय होता आयनन ऊर्जा, म्हणजे अणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ऊर्जा. आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, उजवीकडे जावं तसे केंद्रकातले प्रोटॉन वाढतात, पकड घट्ट होते आणि ही ऊर्जाही वाढते. पण दुसऱ्या आवर्तात ती दोनदा घसरते. बोरॉनचं मुलींना पटलं. त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन टू-एस या कप्प्यात नसून जरा वरच्या ऊर्जेच्या टू-पी कप्प्यात असतो, शिवाय टू-एसमधले दोघे त्याच्या नि केंद्रकाच्या थोडे आड येतात. म्हणून बेरिलियमपेक्षा बोरॉनचा इलेक्ट्रॉन सोपा सुटतो. गाडी अडली ती ऑक्सिजनपाशी.

"मॅडम, ऑक्सिजनमंदी प्रोटॉन तं नायट्रोजनपेक्षा एक जास्त हाय. मग काढनं सोपं काऊन?" बुधरीने विचारलं.

"होस्टेलात तुझ्या खोलीत खाटा किती?"

"तीन."

"आणि मुली?"

"आता चार. दुर्गा उशिरा आली ना. ते माझ्याच खाटेवर झोपते."

मॅडमचा चेहरा खुलला. फळ्यावर तीन चौकोन निघाले. नायट्रोजनचे तीन पी-इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलमध्ये, म्हणजे टू-पीतल्या तीन जागांमध्ये, एकेकटे, ऐसपैस. ऑक्सिजनच्या चौथ्याला रिकामी खाट नाही, त्याला कुणाच्या तरी शेजारी शिरावं लागतं. दोघांवर ऋणभार, दोघे एकमेकांना ढकलणार. वाढलेल्या प्रोटॉनच्या ओढीपेक्षा ही ढकलाढकल भारी पडते.

"मग कुणाला काढणं सोपं?"

"दुर्गाले!" सगळा वर्ग ओरडला आणि हसला.

"बरोबर, चौथीला," मॅडम म्हणाली. तीही हसली. दुर्गासुद्धा हसली, चारचौघींत हसावं लागतं तशी. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव ऑक्सिजन पडलं.

पुढल्याच महिन्यात तपासणी येणार म्हणून होस्टेलच्या अधीक्षिका गुणाबाई बुधरीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मंजूर मुलींपेक्षा एक जास्त आहे, जागा होईस्तोवर एकीनं घरी जावं, कोण जाते? कुणी विचार केला नाही, भांडलंही नाही. उत्तर पाठच होतं. दुर्गानं पेटी उचलली.

रंजीताला हे कळलं ते दुर्गा गेल्यावर. तिनं पुस्तक उघडलं आणि आपण काय करून ठेवलं ते तिला दिसलं. खाटेवरच्या दोघींत आधीची कोण, नंतरची कोण, हे अणूला ठाऊकच नसतं. इलेक्ट्रॉन सगळे एकसारखे. जोडीतला कोणताही एक निघतो, हा पहिला नि हा चौथा असं ओळखताच येत नाही. एवढं एक वाक्य तिनं वर्गात सांगितलं असतं तर! पण टाळ्या मिळवायच्या घाईत ते राहिलं.

रविवारी ती गाडी काढून दुर्गाच्या गावी गेली. वडील जंगू अंगणात बिछाना बांधत होते. बाहेर पिकअप उभी, तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्यांनी भरत आलेली. दुर्गा कपाळाला ओढणी गुंडाळून तयार होती.

"दुर्गा, चल माझ्यासोबत. माझ्या घरी राहा. मी चुकीचं शिकवलं गं. चौथाच निघतो असं नसतं. दोघांतला कोणताही निघू शकतो. इलेक्ट्रॉनला नाव नसतं, उशिरा आलेला असं काही नसतं."

दुर्गानं नीट ऐकून घेतलं. ती हुशार होती, तिला लगेच समजलं.

"म्हंजे बुधरी बी जाऊ शकत होती."

"हो!"

"पन कोनी तिचं नाव नाई घेतलं मॅडम. सगळ्याइनं माझंच घेतलं. तुमी बी." आवाजात राग नव्हता. तो असता तर रंजीताला बरं वाटलं असतं. "आता परत आली तरी मी तेच राहीन ना, जास्तीची. तुमच्या घरी बी."

जंगूभाऊंनी बिछाना पिकअपमध्ये टाकला. त्यांनी मॅडमला हात जोडले, पाणी प्यायचा आग्रह केला. दुर्गा मागे चढली. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, तरी एकीनं मांडी आवरून तिला जागा केली. "बस वं बाई," ती म्हणाली, आणि दुर्गा बसली.